चिडका बिब्बा

नवी कवळी बसवून अप्पा पहिल्यांदा जेवायला बसले तो गुरुवार होता. नवऱ्याचा उपास, म्हणून घरात सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी. अप्पा माझ्या समोर बसलेले. पहिला घास तोंडात गेला आणि आवाज सुरू झाला. आधी कवळीचा टक्, मग ओलसर मचक, मग परत टक्. तिसऱ्या घासाला माझ्या मानेपासून कानांपर्यंत गरम लोट चढला, दात एकमेकांवर दाबले गेले आणि हातातला चमचा समोर भिरकवावा असं वाटलं. नुसतं वाटलं नाही, हात उचललाही गेला होता. मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले, एक्झॉस्ट फॅन लावला आणि ओट्याशी उभ्यानंच खिचडी संपवली. बाहेर अप्पा जावयाला विचारत होते, "हिला काय झालं? मीठ कमी पडलं का?"

अप्पा ७४ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. आई गेल्यावर दिवाळीनंतर साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला राहायला आले. मीच आग्रह करून आणलं. माझं वय ३८, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. माझ्यात आणि अप्पांच्यात कसलंही जुनं भांडण नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या चार महिन्यांत जो भेटला त्यानं सगळ्यात आधी तेच विचारलं.

सुरुवात खूप जुनी आहे. मी अकरा वर्षांची असेन. अप्पा ड्यूटीवरून आले की ज्वारीची भाकरी, हातानं फोडलेला कांदा आणि वर ताकाचा भुरका. आपल्याकडे भुरका म्हणजे जेवणाला दिलेली दाद. पंगतीत आमटीचा भुरका ऐकू आला नाही तर वाढणारी बाई काळजीत पडते. मला मात्र तो आवाज ऐकला की ताटावरून पळून जावंसं वाटायचं. मी कानात बोटं घालायची, मग पाठीत धपाटा बसायचा. धाकटा भाऊ "चिडका बिब्बा, चिडका बिब्बा" म्हणून नाचायचा. तेच नाव पडलं.

आईचं निदान वेगळं होतं. "पोरीला भूक सहन होत नाही, भूक लागली की चिडते." म्हणून ती मला सगळ्यांच्या आधी वाढायची. आणि खरोखर माझं चिडणं कमी झालं! आईचं निदान घरात सिद्ध झालं. आज कळतं की भुकेचा काही संबंध नव्हता. अप्पा पाटावर बसायच्या आत माझं जेवण आटोपलेलं असायचं, एवढंच. उपाय बरोबर, कारण चुकीचं. त्या चुकीच्या कारणावर मी पुढची पंचवीस वर्षं काढली. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल, ऑफिसात डबा खायला सगळ्यांनंतर, सिनेमाला गेलं तर मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटं बाहेर. लोकांना वाटायचं मला एकटेपणा आवडतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

अप्पा आल्यावर ही सगळी व्यवस्था कोसळली. दिवसाला दोन जेवणं, एक नाश्ता, आणि संध्याकाळी चारला चिवडा.

आधी गेले आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. मी त्यांना सांगितलं, "फार चिडचिड होते." माझी पहिली चूक ही, की मीच तो शब्द वापरला. त्यांनी रक्तदाब घेतला, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं. सगळं ठीक निघालं. "घरात वडीलधारं माणूस राहायला आलं की थोडा ताण येतोच. प्राणायाम करा." मी सहा आठवडे रोज सकाळी नेमानं केला, आणि फायदाही झाला. सिग्नलला मागून हॉर्न मारणाऱ्यांवर चिडणं थांबलं, क्लायंटचा रात्री दहाला फोन आला तरी आवाज शांत राहायला लागला. चिवड्याला मात्र शष्प फरक पडला नाही. बाकी सगळं निवळलं आणि हे जसंच्या तसं राहिलं, तेव्हा पहिल्यांदा शंका आली की ही दोन वेगवेगळी दुखणी असावीत.

मग वाटलं, कानच फार तिखट असतील. जानेवारीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान साफ आहेत बघून ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली असते. आत बसायचं, हेडफोन लावायचा आणि बारीकशी पीं ऐकू आली की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या पट्टीतले आवाज देऊन प्रत्येक पट्टीत सगळ्यात हळू कितीचं ऐकू येतं ते बघतात. माझं १० ते १५ डेसिबलच्या आत आलं. म्हणजे नॉर्मल, चार लोकांसारखंच. मी जवळजवळ खट्टू झाले.

त्यानंतर ऑडिओलॉजिस्टबाईंनी दुसरी तपासणी केली. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि मला तो नकोसा झाला की हात वर करायचा. मी ९५ डेसिबलपर्यंत निवांत बसले होते. त्या बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "मिक्सरचा त्रास होतो?" नाही. "कुकरची शिट्टी? लग्नातला बँड? फटाके?" नाही. "भांडं पडलं तर?" दचकते, पण राग नाही येत. "मग कुठला आवाज?" मी म्हटलं, "वडील जेवताना," आणि मला एकदम रडू फुटलं.

त्यांनी पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. काही लोकांना कुठलाही मोठा आवाज सोसत नाही, भांड्याचा, हॉर्नचा, मुलांच्या ओरडण्याचा. त्याला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात, आणि तशा माणसानं ९५च्या खूप आधी हात वर केला असता. माझा त्रास आवाजाच्या मोठेपणाचा नाही. घास चावण्याचा आवाज साध्या बोलण्यापेक्षाही हळू असतो. माझा त्रास ठरावीक आवाजाचा आहे, आणि तो कोण करतं त्याचा. मिसोफोनिया हा शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकला. मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ या दोघांनी २००१ मध्ये तो रूढ केला. ग्रीकमधून त्याचा अर्थ होतो आवाजाचा द्वेष. मला ते नाव तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. किशोरीताईंची तान लागली की मी हातातलं काम सोडते. आवाजाचा कसला द्वेष?

पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. पहिल्या भेटीत मॅडमनी अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी तयार केलेली एक सहा प्रश्नांची मोजपट्टी भरून घेतली. दिवसाचा किती वेळ हे आवाज डोक्यात असतात, कामात किती अडथळा येतो, किती त्रास होतो, स्वतःला आवरायला किती जोर लागतो, विचार आणि राग ताब्यात राहतो का, आणि टाळण्यासाठी काय काय करता. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण २४. दहा ते चौदा मध्यम, पंधराच्या पुढे तीव्र. माझे सोळा आले. "टाळण्यासाठी काय काय करता" या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला पाठची कोरी बाजूही घ्यावी लागली.

मी त्यांना स्पष्ट विचारलं, "मॅडम, पण मी मुळातच चिडकी आहे. लहानपणापासून सगळे म्हणतात. मग या दुखण्याचं नाव कशाला द्यायचं?"

त्या म्हणाल्या, "असालही चिडक्या. दोन्ही असू शकतं. आपण वेगळं काढून बघू." आणि त्यांनी चौदा दिवसांची वही लिहायला सांगितली. या वहीनं मला जे दाखवलं ते इतर कुणी दाखवू शकलं नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वहीत दोन भाग होते. डाव्या पानावर आवाजाच्या नोंदी: किती वाजता, कुठला आवाज, कुणाचा, शरीरात आधी काय झालं, किती सेकंदांत झालं, आणि शून्य ते दहात किती. उजव्या पानावर बाकीची सगळी चिडचिड: कशावरून, आधी काय घडलं होतं, किती वेळानं भडका उडाला. दोन्हीकडे वर एक ओळ: रात्री किती तास झोप, शेवटचं खाणं कधी, कामाचा ताण किती. अट एकच होती. नोंद लगेच करायची, रात्री आठवून लिहायची नाही. रात्री आठवून लिहिलं की माणूस गोष्ट रचतो.

त्या चौदा दिवसांत फेब्रुवारीची वीस तारीख आली. वीस म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. आदल्या रात्री झोप साडेचार तास. सकाळी सोसायटीत पाणी नाही. दहा वाजता पोर्टल चालेना. एक क्लायंट साडेअकराला म्हणतो, "मॅडम, एक बिल राहिलं होतं." दुपारी दोनला नवऱ्यानं फोन करून विचारलं, "संध्याकाळी भाजी कुठली आणू?" आणि मी त्याच्यावर खेकसले. उजव्या पानावर त्या दिवशी सहा नोंदी आहेत. वाचताना सरळ दिसतं की पारा पायरी पायरीनं चढलाय. प्रत्येक पायरीला कारण आहे. प्रत्येक वेळी आधी विचार आला, "याला अक्कल नाही का", आणि मग राग. रात्री जेवून झोपले, सकाळी उठले तेव्हा सगळं उतरलं होतं. ही चिडचिड. ती माझ्यात आहे, बऱ्यापैकी आहे. भाऊ अगदीच खोटं बोलत नव्हता.

त्यानंतरचा रविवार बघा. झोप आठ तास. सकाळी पोहे झालेले, पोट भरलेलं. मैत्रिणीशी फोनवर तासभर हसून बोललेले, कामाचा ताण शून्य. चार वाजता मी सोफ्यावर पाय वर घेऊन मासिक चाळतेय, अप्पांनी चिवड्याचा डबा उघडला. पहिला कुरुम. डाव्या पानावरची नोंद अशी आहे: "जबडा आवळला. छातीत धडधड. तळहाताला घाम. एक सेकंद, कदाचित त्याहून कमी. आठ." पायऱ्या कुठेच नाहीत. तळमजल्यावरून एकदम गच्चीत. आणि आवाज थांबल्यावर दोन मिनिटांत खालीही आले, फक्त वर एक लाज उरली.

मॅडमनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि एक प्रश्न विचारला. "यात अप्पांबद्दलचा विचार कुठे आहे?" मी शोधलं. विचार होता, पण शेवटच्या रकान्यात. "यांना तोंड मिटून खाता येत नाही का, काही रीत आहे की नाही." तो शरीराच्या नंतर आलेला. आयुष्यभर मला वाटत होतं की लोकांच्या असंस्कृत खाण्याचा मला राग येतो. वहीत क्रम उलटा निघाला. राग आधी येतो, बिनकारणी. मग डोकं त्याला कारण शोधतं, आणि रीतभात हे सगळ्यात सोपं हाताशी येणारं कारण. किती लोकांना मी मनातल्या मनात गावंढळ ठरवलं असेल, देव जाणे.

वहीत आणखी काही गमती होत्या. भाचा दोन वर्षांचा आहे, तो बिस्कीट लाळेत भिजवून मचमच खातो, नोंद शून्य. खालच्या मजल्यावरचा कुत्रा हाडूक फोडतो, शून्य. ऑफिसातला माझ्या शेजारचा सहकारी बॉलपेनचं बटण टिकटिक करतो, सात. तो पाय हलवतो तेव्हा आवाज येत नाही, तरी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं की पाच. माझं स्वतःचं पापड खाणं, शून्य. आणि एक नोंद मला आधी कळलीच नव्हती: अप्पांबरोबर मीही त्याच वेळी कुरकुरीत काही खाल्लं, तर आठाचे चार होतात.

या शेवटच्या गोष्टीवर मॅडम खूश झाल्या. त्यांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांचं काम सांगितलं. २०१७ मध्ये त्यांनी मिसोफोनिया असलेल्या वीस आणि नसलेल्या बावीस जणांना आवाज ऐकवून मेंदूच्या हालचाली बघितल्या. तीन तऱ्हेचे आवाज होते: पावसासारखे साधे, बाळाच्या रडण्यासारखे कुणालाही नकोसे, आणि चावण्या-श्वासासारखे. बाळाच्या रडण्याला दोन्ही गट सारखेच वैतागले. चावण्याच्या आवाजाला मात्र पहिल्या गटाच्याच छातीचे ठोके वाढले, हाताला घाम आला, आणि मेंदूत इन्शुला नावाचा भाग जोरात पेटला. शरीरातल्या घडामोडींवर लक्ष ठेवणं आणि "हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ" अशी खूण करणं हे त्या भागाचं काम. २०२१ मध्ये त्याच गटाला आढळलं की अशा लोकांत ऐकण्याच्या भागाची तोंड-जबडा हलवणाऱ्या भागाशी जोडणी जास्त घट्ट असते. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे समोरचा चावतो आणि तुमचा मेंदू तुमचाच जबडा हलल्यासारखं धरतो. कुणी तरी आत घुसल्यासारखं. तुम्ही स्वतः चावायला लागलात की ताबा परत येतो, म्हणून आठाचे चार होत असतील." हा त्यांचा तर्क, सिद्ध झालेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण जबडा आवळण्याच्या नोंदी मी परत मोजल्या. एकेचाळीसपैकी तेहतीस.

एके दिवशी त्यांनी मोबाइलवर एक आवाज लावला आणि म्हणाल्या, "ओल्या रेतीतून बूट घालून कुणीतरी चाललंय." ऐकला, काहीच झालं नाही. दोन आकडा सांगितला. मग म्हणाल्या, "आता ऐका, माणूस काकडी खातोय." तोच आवाज, तीच पट्टी, आणि माझे खांदे कानांना लागले. खरं काय होतं? काकडीच. मला राग आला त्यांचा, खोटं सांगितलं म्हणून. तो मात्र साधा राग होता, कारणासकट.

उपचार म्हणजे काय झालं ते सांगण्याआधी, मी घरी स्वतःच्या डोक्यानं काय केलं ते सांगते, कारण बहुतेक जण हेच करतात. मला वाटलं, सवय करून घ्यावी. कुत्र्याची भीती घालवायला कुत्र्याजवळ बसवतात तसं. आठ दिवस मी मुद्दाम अप्पांसमोर बसून, मुठी आवळून, पूर्ण जेवण ऐकत राहिले. भीतीत थांबून राहिलं की ती काही वेळानं ओसरते. माझा राग ओसरला नाही. उलट आठव्या दिवशी अप्पांनी नुसती वाटी पुढे ओढली तरी जबडा आवळायला लागला. मॅडमनी डोक्याला हात लावला. "दात-ओठ खाऊन सोसलंत, म्हणजे मेंदूला रोज शिकवलंत की इथे लढाई आहे."

दुसरी चूक कानातल्या बोळ्यांची. मी फोमचे बोळे आणले आणि दिवसभर घालायला लागले. ऑडिओलॉजिस्टबाईंनी फोनवरच थांबवलं. सतत शांतता दिली की ऐकण्याची यंत्रणा आपला व्हॉल्यूम आतून वाढवते, बोळे काढल्यावर बारीकसारीक आवाज जास्त टोचतात. बोळे विमानात, एखाद्या लग्नाच्या पंगतीत ठीक. घरात बोळ्यांपेक्षा मागे दुसरा आवाज ठेवायचा: पंखा, पावसाची ध्वनिफीत, रेडिओ. चावण्याचा आवाज पूर्ण बुजवायचा नाही, फक्त त्याची धार बोथट व्हावी इतका. आमच्या घरी एक्झॉस्ट फॅन आणि हळू आवाजात रेडिओ या जोडीवर ते जमलं.

मॅडमकडे बारा बैठका झाल्या, आठवड्याला एक. त्यातलं निम्मं काम जेवणाच्या आधीच्या पाच मिनिटांवर होतं. माझं शरीर ताटं मांडल्याचा आवाज आला की युद्धाला तयार व्हायचं, म्हणजे पहिल्या घासाआधीच मी चारवर असायची. ताटं मांडायच्या आधी बसून जबडा मुद्दाम आवळायचा, सोडायचा, मग खांदे, मग हात, असं पायांपर्यंत. चारवरून एकवर येऊन टेबलावर बसलं तर आठ होत नाही, पाच होतं. आवाज सुरू झाल्यावर हे केलं तर काही उपयोग नाही. मी करून बघितलं.

दुसरं काम लक्षाचं. माझे कान चावण्याच्या आवाजाला धरून बसायचे, पुढचा घास कधी येतो याची वाट बघत. मग आवाजांची मोजदाद करायची: पंखा एक, रेडिओ दोन, रस्त्यावरचा भाजीवाला तीन, अप्पा चार, फ्रिज पाच. अप्पा यादीत असतात, पण पाचातले एक. सुरुवातीला यादी अप्पांवरच अडकायची. सहाव्या आठवड्यात एकदा यादी पूर्ण झाली आणि मी चक्क बातमी ऐकली.

तिसरं, रेतीतल्या बुटांचं चित्र. अप्पा चिवडा खातात तेव्हा मी डोळ्यांपुढे साताऱ्याच्या घरामागचा वाळका पाचोळा आणते आणि त्यातून चालणारी शेळी. दहातल्या सहा वेळा चालतं. कवळीच्या टकला चालत नाही, त्याला शेळी बसत नाही.

आणि शेवटी अप्पांना सांगणं. हे मी सातव्या बैठकीपर्यंत ढकललं. बापाला "तुमच्या खाण्याचा आवाज सहन होत नाही" हे कसं सांगायचं? मॅडमनी एवढंच बजावलं की जेवताना सांगायचं नाही, आणि वाक्य त्यांच्या तोंडापासून सुरू करायचं नाही, माझ्या कानापासून करायचं. संध्याकाळी गॅलरीत त्यांना म्हटलं, "अप्पा, माझ्या कानाचं एक दुखणं निघालंय. काही आवाज आले की माझं डोकं फिरतं. तुमचं काही चुकत नाही. मी ताटावरून उठले तर मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "कवळी बदलू का?" मी नाही म्हटलं. (दाताच्या डॉक्टरांकडे मात्र नेलं. खालची कवळी सैल होती, नीट बसवून दिल्यावर टक् निम्मा झाला. हे आधी सुचायला हवं होतं.) मग ते म्हणाले, "माझी आई कधी आमच्या नानांसमोर जेवली नाही. आम्हाला वाटायचं, रीत म्हणून. पण नाना गावाला गेले की आमच्याबरोबर पंगतीत बसायची. आणि नाना सुपारी फोडायला बसले की ती गोठ्यात जायची." तेव्हा बायका मागूनच जेवायच्या, त्यामुळे यावरून मी काही सिद्ध करत नाही. घराण्यात असं एकाहून जास्त जणांना असल्याचं पुष्कळ जण सांगतात, एवढं मॅडम म्हणाल्या. तरी आजी गोठ्यात कशाला जायची, हे डोक्यातून जात नाही.

बाराव्या बैठकीत तीच मोजपट्टी परत भरली. सोळाचे दहा झाले. तीव्रवरून मध्यम. मला आणखी खाली यायची आशा होती. मॅडमनी अ‍ॅमस्टरडॅमच्याच एका चाचणीचे आकडे सांगितले, २०२१ची, ५४ जणांवरची. असेच उपचार सुमारे तीन महिने घेतल्यावर ३७ टक्के लोकांत डोळ्यांना दिसेल अशी सुधारणा झाली, उपचारांची वाट बघत थांबलेल्यांत एकालाही नाही. म्हणजे उपचार काम करतो, आणि निम्म्याहून जास्त लोकांना पुरत नाही, दोन्ही खरं. यावर हमखास असं औषध नाही. रोगांच्या अधिकृत याद्यांत, अमेरिकी डीएसएम-५ मध्ये किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, याचं नाव अजून नाही. माझ्या फाइलवर मॅडमनी नावाऐवजी दोन ओळींचं वर्णन लिहिलंय. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीनं व्याख्येवर एकमत केलं, त्याला धरून.

ऑफिसातल्या सहकाऱ्यालाही सांगितलं. तो आधी हसला, मग "मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही" म्हणाला. बटणाऐवजी टोपणाचं पेन वापरतो. पाय अजून हलवतो, मी टेबलावर फाइलींचा ढीग रचलाय.

वीस तारखेला मी अजूनही नवऱ्यावर खेकसते. त्याबद्दल मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "ते माझं खातं नाही, झोपा लवकर."

अप्पांनी आपली एक पद्धत काढली आहे. चिवड्याचा डबा उघडण्याआधी हॉलमधून एसटीच्या आवाजात पुकारतात, "उघडतोय!" मी फॅन लावते, जबडा सोडते, शेळी तयार ठेवते. गेल्या रविवारी ते पुकारायला विसरले. पहिल्या कुरुमला सहा. मी उठून गॅलरीत गेले, तीनेक मिनिटं खालची रहदारी बघितली आणि परत आले. डबा बंद होता. बशीत त्यांनी चिवड्यातले शेंगदाणे निवडून माझ्यासाठी ठेवले होते.

"आता तू खा," ते म्हणाले, "मी आत जातो."

"बसा," मी म्हटलं, "माझ्या खाण्याचा मला त्रास होत नाही."

"तुला नसेल होत," म्हणाले, आणि पेपर उचलून आत गेले.